अकरावरून दहा: काम अवघड झालं तेव्हा रुब्रिकच्या गुणांतून खरी प्रगती कशी शोधायची

पहिल्या सत्रात सतरा नंबरच्या मुलीला लेखनात १६ पैकी ११ गुण मिळाले होते. दुसऱ्या सत्रात १०. प्रगतीपुस्तकात हे दोन आकडे शेजारी शेजारी आले आणि तिच्या आईने मला सरळ विचारलं, "मॅडम, ही मागे पडतेय का?" तिचे दोन्ही पेपर माझ्यासमोर होते. दुसऱ्या पेपरात जास्त समज दिसत होती, वाक्यं सुटसुटीत होती. पण तसं मला वाटतं, एवढंच मी सांगू शकत होते. आकडा मात्र उलटं बोलत होता.

पहिल्या सत्रात मुलांनी अनुभवकथन लिहिलं होतं. विषय होता ‘मला भीती वाटली तो दिवस’. दुसऱ्या सत्रात मतलेख होता. गृहपाठ असावा की नसावा यावर परस्परविरोधी मतांचे दोन उतारे दिले होते, ते वाचून आपली बाजू मांडायची होती. रुब्रिक दोन्ही वेळी तीच: विचार, रचना, भाषा आणि शुद्धलेखन हे चार निकष, प्रत्येकी १ ते ४ स्तर. रुब्रिक तीच आहे म्हणून गुणांची तुलना करता येईल, असं मी गृहीत धरलं होतं आणि चूक तिथेच होती. गुणांत मुलाची तयारी असते, कामाचा अवघडपणा असतो, तपासणाऱ्याचा त्या दिवसाचा कडकपणा असतो आणि थोडा योगायोगही असतो. दोन सत्रांमधला फरक म्हणजे या चारही गोष्टींच्या फरकांची बेरीज. त्यातला पहिला भाग वेगळा कसा काढायचा, ते इथे त्याच वर्गाच्या आकड्यांवरून क्रमाने सांगते.

आधी रुब्रिकची शिडी स्थिर आहे का ते पाहा

हिशेबाला बसण्याआधी रुब्रिकमधली वर्णनं पुन्हा वाचा. काही रुब्रिकमध्ये स्तर ३ म्हणजे ‘परिच्छेद क्रमाने येतात, प्रत्येकात एक मुख्य मुद्दा आहे’ असं लेखनाचंच वर्णन असतं. ही स्थिर शिडी. पायरी कुठे आहे ते ठरलेलं असतं आणि मूल चढलं की गुण वाढतात. दुसऱ्या प्रकारात स्तर ३ म्हणजे ‘या सत्रासाठी अपेक्षित कामगिरी’. इथे पायरीच दर सत्राला वर सरकते. अशा रुब्रिकवर दोन्ही सत्रांत ३ मिळवणारं मूल जागच्या जागी नसतं, ते सरकत्या अपेक्षेबरोबर पुढे आलेलं असतं. तेव्हा ३ वजा ३ बरोबर शून्य या वजाबाकीला अर्थच उरत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. वर्णनात ‘अपेक्षित’, ‘इयत्तेनुसार’, ‘दिलेल्या कामाच्या गरजेप्रमाणे’ असे शब्द आले की शिडी सरकती आहे असं समजा. तुमची रुब्रिक तशी असेल तर पुढचं सगळं करण्याआधी दोन्ही सत्रांचे पेपर एकाच स्थिर वर्णनाने पुन्हा तपासावे लागतील. त्याला पर्याय नाही.

स्थिर शिडीतही एक निकष फसवू शकतो. आमच्या रुब्रिकमध्ये ‘विचार’ या निकषाचं स्तर ३ चं वर्णन होतं, ‘मुद्दे स्पष्ट आहेत आणि त्यांना आधार दिला आहे’. अनुभवकथनात आधार म्हणजे प्रसंगातले तपशील. मतलेखात आधार म्हणजे उताऱ्यातून काढलेला पुरावा, शिवाय विरोधी मताला उत्तर. शब्द तेच, कौशल्य वेगळं. असा निकष सापडला की त्यावर खूण करून ठेवा. त्याच्या गुणांतली घट ‘काम अवघड होतं’ एवढ्याने पूर्ण उलगडत नाही, कारण तिथे नवीनच गोष्ट मोजली गेलेली असते.

दोन्ही कामं कोणत्या परिस्थितीत झाली ते लिहून काढा

एका कागदावर दोन रकाने पाडा आणि दोन्ही कामांसाठी हे लिहा: विषय काय होता, वेळ किती होता, कच्चा मसुदा करून दिला होता का, मध्ये शिक्षकांनी काही सुचवलं होतं का, शब्दांची यादी किंवा आराखडा दिला होता का. मला हे करताना एक गोष्ट सापडली, ती मी साफ विसरले होते. अनुभवकथनाचा मसुदा मुलांनी आधी जोडीदाराला वाचून दाखवला होता आणि मग पक्का लिहिला होता. मतलेख एका बैठकीत, कुणाच्याही मदतीशिवाय झाला होता. म्हणजे नुसता विषय अवघड झाला नव्हता, मदतही काढून घेतली होती.

म्हणून पुढे मी ‘अवघडपणा’ म्हणते तेव्हा त्यात ही परिस्थितीही आली. तुलनेसाठी जे नवीन लेखन घ्याल ते जुन्याच परिस्थितीत घ्या: तितकाच वेळ, तशीच जोडीदाराची मदत.

तुमचा स्वतःचा हात कडक झालाय का?

ऑक्टोबरमध्ये ३ देणारी मी मार्चमध्ये तशाच पेपरला ३ देते का? बहुतेकदा नाही. वर्षभर मुलांचं लेखन वाचत गेल्यावर आपल्या मनातलं ‘चांगलं’ नकळत वर सरकतं. म्हणजे मूल पुढे गेलेलं असतं आणि आपली फूटपट्टीही त्याच्याबरोबर गेलेली असते.

यावर उपाय एकच आहे आणि तो कष्टाचा आहे. पहिल्या सत्राचे पेपर बाहेर काढायचे, त्यांच्या प्रती करायच्या, नाव, तारीख आणि जुने शेरे झाकायचे, आणि त्याच प्रकारच्या नव्या पेपरांत मिसळून गठ्ठा पिसायचा. मग एका पाठोपाठ एक, नवे-जुने न ओळखता, तपासायचं. एकाच आठवड्यात, एकाच हाताने. जुने गुण दुसऱ्या कुणाला तरी लपवून ठेवायला सांगा. ते डोळ्यांसमोर असले की आपण त्यांच्याच आसपास घुटमळतो.

आमच्या वर्गात ३० मुलं. अनुभवकथनाला पहिल्या सत्रात मी दिलेल्या एकूण गुणांची सरासरी १०.७ होती. तेच पेपर न ओळखता पुन्हा तपासले तेव्हा सरासरी १०.१ आली. ०.६ चा फरक मुलांचा नव्हता, माझा होता. सतरा नंबरचे ११ गुण या तपासणीत १० झाले, रचनेतला ३ या वेळी २ ठरला. एवढ्यानेच ‘११ वरून १०’ ही घसरण ‘१० आणि १०’ झाली. कामाच्या अवघडपणाचा विचार अजून आपण केलेलाही नाही.

दुवा: एकाच वेळी दोन्ही प्रकारची कामं

आता मुख्य प्रश्न. मतलेख अनुभवकथनापेक्षा किती अवघड होता? किती गुणांनी?

इथे एक सापळा आहे. मी स्वतः एका वर्षी त्यात अडकले होते आणि त्या आधारावर पालकांशी बोललेही होते, म्हणून त्याबद्दल जरा विस्ताराने सांगते. सापळा असा: वर्गाची सरासरी पहिल्या सत्रात किती होती, दुसऱ्या सत्रात किती झाली ते पाहायचं, सरासरी जेवढी उतरली तेवढं काम अवघड होतं असं मानायचं आणि तेवढे गुण प्रत्येकाला परत जोडायचे. दिसायला हे अगदी न्याय्य दिसतं. पण दोन सत्रांच्या मधे वर्ग शिकत असतो. सरासरीतला बदल म्हणजे वर्गाची वाढ वजा कामाचा अवघडपणा. सगळाच बदल अवघडपणाच्या खात्यावर टाकला की वर्गाची सगळी वाढ पुसली जाते. उरतं ते फक्त मूल इतरांच्या तुलनेत पुढे गेलं की मागे. अशा हिशेबात निम्मा वर्ग नेहमी ‘मागे पडलेला’ दिसणारच, सगळी मुलं कितीही शिकलेली असोत.

अवघडपणा वाढीपासून सुटा करायचा असेल तर दोन्ही प्रकारची कामं एकाच काळात, त्याच मुलांकडून करून घ्यावी लागतात. मूल तेच, तयारी तीच, म्हणजे गुणांत सरासरीने जो फरक पडेल तो कामाचा. मी या जास्तीच्या लेखनाला दुवा-लेखन म्हणते.

ते असं घ्यायचं. दुसऱ्या सत्राच्या शेवटी, मतलेखाच्या दहा दिवसांच्या आत, मुलांना पहिल्या सत्रासारखंच अनुभवकथन लिहायला द्यायचं. विषय तोच नको, कारण जुना मजकूर आठवतो. पण घडण तीच हवी: स्वतःवर गुदरलेला एक प्रसंग, एक भावना. मी ‘मी हट्टाने केलेली गोष्ट’ हा विषय दिला. निम्म्या वर्गाने मतलेख आधी लिहावा आणि उरलेल्या निम्म्याने अनुभवकथन आधी. नाहीतर नंतर लिहिलेल्या कामावर कंटाळ्याचा किंवा सरावाचा परिणाम होतो आणि तोही अवघडपणात मोजला जातो.

आमचे आकडे असे आले. सत्राच्या शेवटी अनुभवकथनाची वर्गसरासरी: विचार ३.१, रचना ३.०, भाषा २.८, शुद्धलेखन २.९. एकूण ११.८. त्याच दिवसांतल्या मतलेखाची: विचार २.३, रचना २.२, भाषा २.७, शुद्धलेखन २.८. एकूण १०.०. म्हणजे मतलेख १.८ गुणांनी अवघड होता. पण हे १.८ चार निकषांत सारखे वाटलेले नाहीत. विचार आणि रचना या दोघांनीच प्रत्येकी ०.८ खाल्ले. भाषा आणि शुद्धलेखन यांत फरक जेमतेम ०.१ चा आहे. हे ध्यानात ठेवा, पुढे ते फार उपयोगी पडतं.

आता वर्गाचं चित्र बघा. पहिल्या सत्राचं अनुभवकथन, पुन्हा तपासलेलं: १०.१. दुसऱ्या सत्राचा मतलेख: १०.०. नुसते हे दोन आकडे पाहिले तर वर्ग वर्षभर जागेवर उभा होता असं वाटेल. पण अनुभवकथनाची अनुभवकथनाशी तुलना केली तर १०.१ चे ११.८ झालेत, म्हणजे १.७ ची वाढ. ती वाढ १.८ च्या अवघडपणाखाली पूर्ण गाडली गेली होती. सापळ्यातल्या पद्धतीने गेले असते तर मी अवघडपणा ०.१ धरला असता आणि वर्गाची वाढ शून्य.

वेळेचा प्रश्न खरा आहे. तीस मुलांचे तीन-तीन पेपर म्हणजे नव्वद. पेपरला सहा मिनिटं धरली तरी नऊ तास. तेवढं शक्य नसेल तर बारा मुलं निवडा: चार वरची, चार मधली, चार खालची. छत्तीस पेपर साडेतीन-चार तासांत होतात. फक्त अंदाजातली ढिलाई वाढते. आमच्या वर्गात दोन कामांमधला फरक मुलागणिक बराच वेगळा होता, त्याचं प्रमाण विचलन १.३ आलं. त्याला मुलांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागलं की सरासरीतली चूक कळते: तीस मुलांवर सुमारे ०.२४, बारांवर सुमारे ०.४. दुप्पट धरून बोलायचं तर पहिल्या वेळी ‘१.८, अर्धा गुण इकडेतिकडे’ आणि दुसऱ्या वेळी ‘१.८, पाऊण गुण इकडेतिकडे’. वर्गाबद्दल बोलायला दोन्ही चालतात.

एक त्रुटी मात्र माझ्या आखणीत राहिलीच. ‘भीती’ आणि ‘हट्ट’ हे दोन विषय सारखेच सोपे होते, हे मी धरून चालले. ते टाळायचं तर पहिल्या सत्रातच निम्म्या वर्गाला एक विषय आणि निम्म्याला दुसरा द्यायचा, आणि दुसऱ्या सत्रात अदलाबदल करायची. विषयातला सोपेपणा मग दोन्ही सत्रांत सारखा वाटला जातो. वर्षाच्या सुरुवातीला पाच मिनिटं विचार केला तर हे फुकटात होतं, नंतर ते करता येत नाही.

एका मुलाकडे वळताना

सतरा नंबरचे सगळे आकडे आता एकत्र मांडू. पहिल्या सत्राचं अनुभवकथन, पुन्हा तपासलेलं: विचार ३, रचना २, भाषा ३, शुद्धलेखन २, एकूण १०. सत्राअखेरचं अनुभवकथन: चारही निकषांत ३, एकूण १२. मतलेख: विचार २, रचना २, भाषा ३, शुद्धलेखन ३, एकूण १०.

सारख्या कामाशी सारखं काम लावलं तर वाढ दोन गुणांची आहे, रचनेत एक आणि शुद्धलेखनात एक. दुसऱ्या वाटेने, मतलेखाच्या १० मध्ये अवघडपणाचे १.८ मिळवले तर ११.८ येतात, म्हणजे वाढ १.८. दोन्ही वाटा जवळजवळ एकाच ठिकाणी येतात आणि म्हणून मला या निष्कर्षाचा भरवसा वाटतो.

पण असं दर वेळी होत नाही. बावीस नंबरचा मुलगा घ्या. पहिल्या सत्रात ९, पुन्हा तपासल्यावरही ९. मतलेखात १०. त्यात १.८ मिळवले तर ११.८ होतात आणि वाढ २.८ दिसते, वर्गातल्या सगळ्यात मोठ्या वाढींपैकी एक. मात्र त्याचं सत्राअखेरचं अनुभवकथन पुन्हा ९ वरच आहे. हा मुलगा वाद घालण्यात हुशार आहे. मत मांडायचं काम त्याला इतरांसारखं अवघड जात नाही, उलट सोपं जातं. वर्गाचा सरासरी अवघडपणा त्याला लावणं म्हणजे जे ओझं त्याच्या पाठीवर नव्हतंच त्याची भरपाई देणं. त्याच्याबद्दल खरं विधान एवढंच: अनुभवकथनात वाढ दिसली नाही, मतलेख तो वर्गाच्या सरासरीइतका लिहितो, आणि मतलेखात तो आधी कुठे होता हे आपल्याला माहीत नाही.

म्हणून माझा नियम असा आहे. सरासरी अवघडपणा वर्गाच्या आकड्याला लावायचा. एका मुलाबद्दल बोलताना त्याचंच सारखं काम सारख्या कामाशी लावायचं, आणि सरासरीने दुरुस्त केलेला आकडा फक्त पडताळणीला वापरायचा. दोन्ही जुळले नाहीत तर दुरुस्त केलेला आकडा बाजूला ठेवायचा आणि पेपर पुन्हा वाचायला घ्यायचे.

शाळांचा मोठा गट असेल, तपासणारे अनेक असतील, तर हेच काम राश प्रतिमानाच्या विस्तारित रूपाने करतात. डॅनिश गणितज्ञ जॉर्ज राश यांनी १९६० मध्ये मांडलेल्या प्रतिमानावर ते उभं आहे. मुलाची क्षमता, कामाचा अवघडपणा आणि तपासणाऱ्याचा कडकपणा यांना ते एकाच मोजपट्टीवर वेगवेगळं बसवतं. पण दुवा त्यालाही लागतोच. निदान काही मुलांनी तरी दोन्ही कामं एकाच काळात केलेली नसतील तर वाढ कुठली आणि अवघडपणा कुठला, हे गणितालाही सांगता येत नाही. एका वर्गासाठी वरची वजाबाकी पुरते.

दोन गुण म्हणजे खरंच काही आहे का?

हा प्रश्न टाळू नका. तोच पेपर मीच दोनदा तपासला तर गुण तेच येतील का? ते मोजायला दहा पेपर घ्या, दोन आठवडे जाऊ द्या, पहिले गुण न पाहता पुन्हा तपासा आणि प्रत्येक पेपरातला फरक लिहा. माझे फरक असे होते: ०, १, −१, ०, २, ०, −१, १, ०, −१. स्प्रेडशीटमध्ये हे दहा फरक D रकान्यात असतील तर एक सूत्र पुरतं:

```
=STDEV(D2:D11)
```

उत्तर जवळजवळ १.० आलं. या आकड्याचा अर्थ असा की दोन पेपरांच्या गुणांत नुसत्या माझ्या हातामुळे साधारण एका गुणाचा फरक सहज पडू शकतो, आणि क्वचित दोनचाही. त्या दहांत एकदा दोनचा फरक पडलाच आहे. म्हणजे एका मुलाच्या एकूण गुणांत एकाची वाढ ही बातमी नाही. दोनची वाढ लक्ष देण्याजोगी आहे, पण तेवढ्यावर शिक्कामोर्तब होत नाही. शिवाय या चाचणीत फक्त माझा हात मोजला गेलाय. त्या दिवशी मूल झोपून आलं होतं का, विषय त्याच्या जिव्हाळ्याचा निघाला का, हे यात नाही. कृतीवर आधारलेल्या मूल्यमापनात एका कामावरून दुसऱ्या कामावर गेल्यावर त्याच मुलाचे गुण बरेच हलतात, आणि हा हलेपणा अनेकदा तपासणाऱ्यांमधल्या मतभेदापेक्षा मोठा असतो.

त्यामुळे आकडा उंबरठ्यावर असला की मी मजकुरात पुरावा शोधते. सतरा नंबरच्या रचनेत एक स्तर वाढला, तर तो पानावर कुठे दिसतो? पहिल्या सत्रात तिचं अख्खं अनुभवकथन एकच परिच्छेद होतं आणि ‘मग’ या शब्दाने नऊ वाक्यं सुरू होत होती. सत्राअखेरच्या लेखनात चार परिच्छेद आहेत. पहिला प्रसंगाच्या ऐन मध्यावर उघडतो, दुसरा मागे जाऊन कारण सांगतो. शुद्धलेखनासाठी मी चुका मोजल्या: पहिल्या वेळी १८० शब्दांत १४, म्हणजे शंभर शब्दांमागे सुमारे ७.८. मतलेखात २४० शब्दांत ९, म्हणजे शंभरामागे ३.८ च्या आसपास. नुसत्या चुकांची संख्या कधी घेऊ नका. मूल जास्त लिहायला लागलं की चुकाही वाढतात आणि प्रगती अधोगतीसारखी दिसते.

असा पुरावा पानावर सापडला नाही तर? तर ती दोन गुणांची वाढ तिसरं लेखन येईपर्यंत ‘बहुधा’ या शब्दाखाली ठेवायची.

आणखी एक गोष्ट तपासायची, ती म्हणजे छत. पहिल्या सत्रातच ज्याला १५ किंवा १६ मिळालेत त्याला वर जायला जागाच नाही. त्याची वाढ शून्य दिसली तर दोष शिडीचा आहे. अशा मुलांसाठी सोप्या कामाची तुलना निरुपयोगी असते, उलट अवघड कामावरच त्यांच्यातला फरक दिसतो.

दुवा-लेखन घेतलंच नसेल तर

सत्र संपलंय, मुलं सुट्टीवर गेलीत आणि हातात फक्त दोन वेगळ्या कामांचे गुण आहेत, अशी वेळ बहुतेकांवर येते. तेव्हाही काही बोलता येतं, फक्त कमी.

एक तर तर्काची दिशा वापरा. काम अवघड झालं, मदत कमी झाली, आणि तरीही एखाद्या निकषात गुण वाढले किंवा टिकले, तर ती किमान वाढ म्हणता येते. खरी वाढ तेवढी किंवा त्याहून जास्त असणार. सतरा नंबरच्या शुद्धलेखनाचं तसंच आहे. नवे शब्द, लांब वाक्यं, मदत नाही, आणि तरी २ चे ३ झाले. उलट अवघड कामावर गुण उतरले तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. घट म्हणून ती लिहू नका आणि प्रगती म्हणूनही लिहू नका. मात्र या तर्काला आधी जुने पेपर पुन्हा तपासलेले असणं गरजेचं आहे, आणि काम खरंच अवघड होतं हेही. शिक्षकाला अवघड वाटणारं काम मुलांना दर वेळी अवघड जातंच असं नाही. दुसऱ्या तुकडीतल्या आठ-दहा मुलांकडून दोन्ही कामं करून घेतली तर निदान दिशा तरी पक्की कळते.

दुसरं, कामाच्या प्रकाराने फारसे न हलणारे निकष तेवढे तुलनेला घ्या. आमच्याकडे ते भाषा आणि शुद्धलेखन होते. विचार आणि रचना यांचे दोन सत्रांचे गुण शेजारी मांडा, पण त्यांच्यामध्ये बाण काढू नका.

प्रगतीपुस्तकात काय लिहायचं

तिथे मी आता दोन एकूण गुण शेजारी छापत नाही. कामाचं नाव गुणाच्या वरच येतं, म्हणजे ‘अनुभवकथन, जोडीदाराच्या मदतीने’ आणि ‘मतलेख, स्वतंत्र’. शेऱ्याच्या जागी निकष, बदल आणि पानावरचा पुरावा. सतरा नंबरसाठी लिहिलेला शेरा असा होता:

‘वर्षाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या अनुभवकथनाची तुलना केली असता रचना आणि शुद्धलेखन या दोन्हींत एकेक स्तर प्रगती. पूर्वी एकाच परिच्छेदात लिहायची, आता प्रसंगाची मांडणी परिच्छेदांत करते. शंभर शब्दांमागे चुका सुमारे ८ वरून ४ वर आल्या. दुसऱ्या सत्रातला मतलेख हा नवा आणि अधिक अवघड प्रकार होता. त्यातले १० गुण ही या प्रकारातली सुरुवात समजावी, आधीच्या ११ गुणांशी त्याची तुलना करू नये. विरोधी मताला उत्तर देणं अजून जमत नाही, पुढे त्यावर काम करायचं आहे.’

तिच्या आईला मी दोन्ही अनुभवकथनं टेबलावर शेजारी ठेवून दाखवली. तिने पहिल्या पानावरचे ‘मग’ बोटाने मोजले, मग दुसरं पान वाचलं आणि विचारलं, "पुढच्या वर्षी तरी हे असं कळेल का आम्हाला?"

त्यासाठी पुढच्या वर्षीच्या पहिल्याच लेखनाच्या दिवशी मी तीन गोष्टी करणार आहे. दोन विषय निम्म्या-निम्म्या वर्गात वाटून देईन. सगळ्या पेपरांच्या, शेरे पडण्याआधी, कोऱ्या प्रती काढून बंद पाकिटात ठेवीन. आणि मतलेखही एकदा त्याच महिन्यात लिहून घेईन, गुण प्रगतीपुस्तकात न धरता, म्हणजे बावीस नंबरसारख्या मुलाने मतलेखात कुठून सुरुवात केली होती तेही हातात असेल.